अठ्ठावन्न माणसे, चाळीस खुर्च्या

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात विज्ञानशिक्षकांचे दोन दिवसांचे संमेलन भरले होते. मीही आयोजकांच्या मदतीला होते. १८० शिक्षक, पाच खोल्या, आणि दोन दिवसांत मिळून चार वेळा अशा की पाचही खोल्यांत एकदम वेगवेगळी सत्रे चाललेली. म्हणजे एकूण वीस सत्रे. कोणी कोणत्या सत्राला बसायचे हे शिक्षकांनी आधीच फॉर्म भरून कळवले होते आणि ती सारी माहिती कार्यालयातल्या संगणकावर आठवडाभर पडून होती.

पहिल्या दिवशी दुपारी कागदी सूक्ष्मदर्शक बनवण्याचे सत्र होते. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत अठ्ठावन्न जण आले. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून आलेल्या एक बाई पिशवी खांद्याला लावून व्हरांड्यातच उभ्या राहिल्या. त्यांना आतले काही दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. त्याच वेळी समोरच्या साठ खुर्च्यांच्या सभागृहात एका नामवंत वक्त्यांचे भाषण चालू होते आणि समोर एकतीस श्रोते होते. नाव मोठे म्हणून सभागृहही मोठे दिलेले! फॉर्मची बेरीज कोणी केलीच नव्हती असे नाही. कोणीतरी ती केली होती, छापली होती, आणि वीस ओळींच्या त्या तक्त्यावरून सगळ्यांची नजर नुसती फिरून गेली होती.

संमेलन संपल्यावर ती यादी मी घरी आणली आणि हे आधी कसे दिसले असते ते करून पाहिले. आपल्यापैकी पुष्कळांवर असे नियोजन येऊन पडते. तालुक्याचे विज्ञानप्रदर्शन असो, जिल्ह्याचे प्रशिक्षण असो, खोल्या ठरलेल्या असतात आणि माणसे आपापल्या आवडीने येतात. म्हणून ती रीत येथे सविस्तर देते.

स्प्रेडशीट म्हणजे उभ्या-आडव्या चौकटींचा तक्ता हे आपल्याला ठाऊक आहेच. एका चौकटीतला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असणारे सारे आकडे आपोआप बदलतात, ही सोय १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्कपासून आहे. आकड्याबरोबर चौकटीचा रंगही आपोआप बदलावा ही सोय एक्सेलमध्ये १९९७ च्या आवृत्तीत आली. तिला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. आपण एक अट लिहून द्यायची. ती खरी असेल तेथे रंग चढतो, खोटी असेल तेथे चढत नाही. बस्स, एवढेच.

पण रंग चढवण्याआधी तक्ता नीट मांडलेला हवा. आमची पहिली चूक तेथेच झाली होती. सत्रांना क्रमांक दिले होते ते असे: दुसऱ्या वेळेला तिसऱ्या खोलीत होणारे सत्र म्हणजे `2-3`. दिसायला सोयीचे. पण हे टाइप करताच एक्सेलने त्याची तारीख केली, `02-Mar`! ज्या चौकटी आधीच मजकूर म्हणून ठरवलेल्या होत्या त्यांत `2-3` तसेच राहिले आणि बाकीच्यांत मार्च महिना आला. मग मोजणी जुळणार कशी? शिवाय क्रमांकातच खोलीचा आकडा घातल्यामुळे सत्र दुसऱ्या खोलीत नेले की क्रमांक खोटा ठरत होता. म्हणून सत्राचा क्रमांक फक्त सत्राचा असावा आणि तो अक्षराने सुरू व्हावा. मी `S01` ते `S20` असे क्रमांक घेतले.

आता दोन पाने करू. पहिल्या पानाचे नाव `Nond`. त्यात एका शिक्षकाला एक ओळ. `A` स्तंभात पावतीचा क्रमांक, `B` मध्ये नाव, आणि `C` ते `F` मध्ये चार वेळांना निवडलेली चार सत्रे. दुसऱ्या पानावर एका सत्राला एक ओळ, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून एकविसाव्या ओळीपर्यंत वीस ओळी. `A` मध्ये सत्राचा क्रमांक, `B` मध्ये वेळ (`T1` ते `T4`), `C` मध्ये खोली (`H1` ते `H5`), `D` मध्ये खोलीतल्या जागा, `E` मध्ये नाव नोंदवलेल्यांची संख्या. `F` स्तंभ शेऱ्यासाठी ठेवू. त्याच पानावर बाजूला, `J` आणि `K` स्तंभांत, पाच खोल्या आणि त्यांच्या जागा लिहून ठेवायच्या: साठ, पंचेचाळीस, चाळीस, तीस आणि चोवीस.

`D` आणि `E` हाताने भरायचे नाहीत. `D2` आणि `E2` मध्ये अनुक्रमे ही सूत्रे लिहून ती खाली उतरवायची:

```
=VLOOKUP(C2,$J$2:$K$6,2,FALSE)
=COUNTIF(Nond!$C:$F,A2)
```

पहिले सूत्र खोलीचे नाव बाजूच्या यादीत शोधून तिच्या जागा आणते. दुसरे सूत्र नोंदींच्या पानावर त्या सत्राचा क्रमांक किती वेळा आला ते मोजते. स्तंभ पूर्ण घेतले आहेत, कारण शेवटच्या दिवशी उशिराची नावे येतातच; ठरावीक ओळींपर्यंतच मोजले तर ती नावे गणतीबाहेर राहतात. (लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पानाच्या नावानंतर उद्गारचिन्हाऐवजी टिंब येते, बाकी सारे तसेच.)

आता रंग. `A2` पासून `F21` पर्यंतच्या चौकटी वरून खाली निवडायच्या. एक्सेलमध्ये `Conditional Formatting` मधून `New Rule` आणि त्यातले शेवटचे `Use a formula to determine which cells to format` घ्यायचे. गूगल शीट्समध्ये त्यालाच `Custom formula is` म्हणतात आणि कॅल्कमध्ये `Formula is`. तेथे लिहायचे:

```
=$E2>$D2
```

आणि रंग द्यायचा लाल. ज्या सत्राला नावे जागांपेक्षा जास्त, त्याची पूर्ण ओळ लाल होते.

या सूत्रातल्या डॉलरच्या खुणेपाशी जरा थांबू या. बहुतेकांचा तक्ता येथेच बिघडतो. आपण सूत्र एकच लिहिले, पण निवडलेल्या १२० चौकटींपैकी प्रत्येक चौकट ते आपल्यापुरते वाचते. पहिली चौकट `A2` ते जसेच्या तसे वाचते. तिच्याखालची चौकट एक ओळ सरकवून वाचते, म्हणजे `E3` ची तुलना `D3` शी करते. हे आपल्याला हवेच आहे. पण शेजारची `B2` एक स्तंभ सरकवून वाचू लागली तर घोटाळा होतो. अक्षरापुढचा डॉलर स्तंभाला सरकू देत नाही. आकड्यापुढे डॉलर नाही म्हणून ओळ मात्र सरकते.

डॉलर न घालता `=E2>D2` लिहिले तर काय होते हे मुद्दाम करून पाहा. `A` स्तंभात रंग बरोबर पडेल. `B` स्तंभ `F` ची तुलना `E` शी करील. `F` मध्ये शेरा, म्हणजे मजकूर असेल, आणि एक्सेलच्या हिशेबी कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे जेथे जेथे शेरा तेथे `B` ची चौकट लाल! उलट दोन्हीकडे डॉलर घालून `=$E$2>$D$2` लिहिले तर सगळ्या ओळी पहिल्या सत्राचेच ऐकतात. सगळ्या लाल किंवा सगळ्या कोऱ्या. आणि चौकटी निवडताना मथळ्याची ओळही घेतली असेल तर रंग एक ओळ वर सरकतो. हे तर फार फसवे, कारण तक्ता अगदी बरोबर असल्यासारखा दिसतो, फक्त भलतेच सत्र लाल असते. म्हणून नियम लिहिला की एका खोलीच्या जागा क्षणभर १ करून पाहाव्यात. त्या खोलीत ज्या सत्रांना नावे आहेत नेमक्या त्याच ओळी लाल झाल्या तर नियम बरोबर. प्रयोगशाळेत तराजू वापरण्याआधी माहीत असलेले वजन ठेवून पाहतो, तसेच हे.

लालबरोबर एक पिवळा नियमही असावा. खोली अजून भरलेली नाही पण भरत आली आहे, एवढे सांगणारा:

```
=$E2>=0.9*$D2
```

येथे एक गंमत होते. एक्सेलमध्ये नवा नियम यादीत सर्वांत वर जाऊन बसतो आणि दोन नियमांचे रंग भांडले की वरच्याचे चालते. चाळीस जागांना अठ्ठावन्न नावे असलेले सत्र पिवळ्या नियमातही बसतेच. त्यामुळे पिवळा नियम नंतर लिहिला की आधीचे सारे लाल पिवळे होऊन जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते, चला, अजून जागा आहे! `Manage Rules` मध्ये जाऊन लाल नियम वर सरकवला की झाले.

यापुढची चूक मात्र मुकी आहे. आमच्या यादीत एका खोलीपुढे कोणीतरी `40+10 खुर्च्या` असे लिहून ठेवले होते. हेतू चांगला होता. गरज पडली तर दहा खुर्च्या बाहेरून आणता येतील असे शिपायांनी सांगितले होते. पण असे लिहिले की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. आणि मजकूर आकड्यापेक्षा नेहमी मोठा! म्हणजे त्या खोलीला अठ्ठावन्न नव्हे, पाचशे नावे आली तरी अट खोटीच ठरणार आणि ओळ कोरीच राहणार. जागांची चौकट रिकामी राहिली तर संगणक ती शून्य धरतो, सगळे लाल होते आणि चूक लगेच उघडी पडते. ही दुसरी चूक ओरडत नाही. तिच्यासाठी करड्या रंगाचा वेगळा नियम करावा:

```
=NOT(ISNUMBER($D2))
```

जागांच्या चौकटीत आकडा नसेल तर ओळ करडी होईल. खोलीचे नाव चुकल्यामुळे `#N/A` आले असेल तर तेही यातच सापडते.

नोंदींच्या बाजूनेही अशीच गळती होते. `S07` मधल्या शून्याच्या जागी कोणी `O` अक्षर टाइप केले, किंवा शेवटी एक मोकळी जागा सोडली, तर ते नाव `S07` मध्ये मोजले जात नाही. नाव मोजले गेले नाही की खोली रिकामी दिसते. असे किती झाले आहे हे वीस ओळींकडे पाहून कळत नाही, पण बेरीज करून कळते. प्रत्येक वेळेला प्रत्येक शिक्षक कोठे तरी असलाच पाहिजे. म्हणून दुसऱ्या वेळेची बेरीज घ्यायची:

```
=SUMIF($B$2:$B$21,"T2",$E$2:$E$21)
```

ती १८० आली पाहिजे. माझी १७७ आली. दोन ठिकाणी `O` होता आणि एका शिक्षकांनी दुसऱ्या वेळेच्या रकान्यात तिसऱ्या वेळेचे सत्र लिहिले होते. त्यामुळे तिसऱ्या वेळेची बेरीज १८१ झाली होती. रासायनिक समीकरणात दोन्ही बाजूंचे अणू मोजावेत तसे हे आहे. बेरीज जुळल्याशिवाय रंगांवर विश्वास ठेवू नये. टाइप करण्याऐवजी `Data Validation` ने यादीतून निवडण्याची सोय करून दिली तर यांतल्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

आता त्या दुपारची पाच सत्रे पाहू. सूक्ष्मदर्शकाचे `S06` चाळीस जागांच्या `H3` मध्ये, नावे ५८. अपूर्णांकांवरचे `S07` पंचेचाळीस जागांच्या `H2` मध्ये, नावे ५२. भाषणाचे `S08` साठ जागांच्या `H1` मध्ये, नावे ३१. हळद आणि जास्वंद वापरून आम्ल-आम्लारी ओळखण्याचे `S09` प्रयोगशाळेत, म्हणजे `H4` मध्ये, तीस जागांना नावे २७. संगणकाचे `S10` चोवीस जागांच्या `H5` मध्ये, नावे १२. बेरीज १८०. पडद्यावर दोन ओळी लाल, `S09` पिवळी, बाकी कोऱ्या.

पाच खोल्या मिळून जागा १९९ आणि माणसे १८०. म्हणजे जागा कमी नव्हती, ती चुकीच्या ठिकाणी होती. `S06` पुढे `H3` च्या जागी `H1` टाइप केले की `D` मध्ये लगेच साठ येते आणि लाल ओळ पिवळी होते. येथे हात थांबवू नका. भाषणापुढेही अजून `H1` च आहे! दोन सत्रे एकाच वेळी एकाच खोलीत आहेत आणि दोन्ही ओळी निर्धास्त, कारण प्रत्येक जण साठही जागा आपल्याच समजतो. लाल नियमाला हे कळू शकत नाही. त्यासाठी चौथा नियम, रंग जांभळा, आणि यादीत सर्वांत वर:

```
=COUNTIFS($B$2:$B$21,$B2,$C$2:$C$21,$C2)>1
```

हाच वेळ आणि हीच खोली असलेल्या ओळी एकापेक्षा जास्त आहेत का, एवढेच हे सूत्र विचारते. (फार जुन्या एक्सेलमध्ये तीनच नियम देता येत आणि `COUNTIFS` ही नव्हते. दोन्ही गोष्टी २००७ च्या आवृत्तीपासून सुधारल्या.) `S08` पुढे `H3` टाइप केले की जांभळा रंग जातो. भाषणाला चाळीस जागा पुरेशा, नावे एकतीसच आहेत. खोल्यांची नावे टाइपच करावीत, चौकट माउसने ओढून हलवू नये. ओढली की तिच्यावर अवलंबून असणारी सूत्रे तिच्या मागे जातात आणि `#REF!` दिसू लागते.

राहिले अपूर्णांकांचे सत्र. ५२ नावे, ४५ जागा. खोल्यांची आणखी अदलाबदल करून हे सुटेल का? सत्रे नावांच्या उतरत्या क्रमाने लावा: ५८, ५२, ३१, २७, १२. खोल्याही तशाच लावा: ६०, ४५, ४०, ३०, २४. मोठ्यासमोर मोठी असे बसवूनही एखादे सत्र मावत नसेल तर दुसरी कोणतीही मांडणी चालणार नाही. येथे कारण उघडच आहे. ५८ ला आणि ५२ ला, दोघांनाही ५२ किंवा अधिक जागांची खोली हवी आणि तशी खोली एकच आहे. तेव्हा रंगांशी खेळत बसण्यात अर्थ नाही. सात जणांना दुसरीकडे पाठवायचे किंवा ते सत्र पुन्हा ठेवायचे, एवढेच मार्ग उरतात. आमच्या फॉर्मवर दुसऱ्या पसंतीचा रकाना होता. त्यात बारा जणांनी संगणकाचे सत्र लिहिलेले निघाले. सात नावे `S07` मधून `S10` मध्ये नेली की `S07` ला ४५, `S10` ला १९ आणि बेरीज पुन्हा १८०. लाल ओळ एकही नाही. घड्याळ लावून पाहिले तर या साऱ्याला पंचवीस मिनिटे लागली होती.

पुढच्या वर्षी याच रीतीने आधी तक्ता केला. दोन गोष्टी मात्र तेव्हाच लक्षात आल्या. एक म्हणजे सूचनाफलकावर लावायची प्रत झेरॉक्स केली की लाल काय आणि पिवळे काय, सगळे राखाडीच. काही जणांना लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे दिसत नाहीत, त्यांच्यासाठीही नुसता रंग पुरत नाही. म्हणून `F` स्तंभात शब्दही आणला:

```
=IF($E2>$D2,"जादा "&($E2-$D2),"")
```

दुसरी गोष्ट सूत्रात बसणारी नाही. `E` मधला आकडा नाव नोंदवलेल्यांचा असतो, येणाऱ्यांचा नसतो. काही जण येत नाहीत, काही जण मैत्रिणीबरोबर भलत्याच खोलीत जातात. त्या वर्षी एका सत्राला ४५ जागांना बरोबर ४५ नावे होती, ओळ पिवळी होती, आणि आम्ही मोजले तेव्हा आत ४७ जण होते. दाराशी दोन जादा खुर्च्या आधीच आणून ठेवल्या होत्या, म्हणून निभावले. तेव्हापासून प्रत्येक खोलीत सत्र सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी डोकी मोजायला एका विद्यार्थ्याला सांगतो आणि तो आकडा `G` स्तंभात लिहून ठेवतो.